एकाच कॅन्डिडेटला एक जण ४ देतो, दुसरा २: स्कोअरकार्ड असूनही असं का होतं

प्रश्न: आमच्या पॅनेलवर चार जण असतात. स्कोअरकार्ड आहे, कम्युनिकेशन, ओनरशिप, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग वगैरे रकाने आहेत, प्रत्येकाला ५ पैकी मार्क द्यायचे. पण एकाच कॅन्डिडेटला एक जण ४ देतो तर दुसरा २. कॉमेंटमध्ये ‘गुड कम्युनिकेशन’, ‘कल्चर फिट वाटत नाही’ असलं काहीतरी. मग मीटिंगमध्ये चर्चा होते आणि शेवटी मॅनेजर म्हणेल तेच ठरतं. स्कोअरकार्डमध्ये नेमकं काय बदलावं?

उत्तर:

आधी मार्कांकडे बघू नका, कॉमेंटकडे बघा. मागच्या दोन-तीन पोझिशन्सची जुनी कार्डं काढा, आकडे झाका आणि फक्त कॉमेंट वाचून, त्या इंटरव्ह्यूला नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला विचारा की यावरून तू किती मार्क देशील. ‘गुड कम्युनिकेशन’ वाचून तो ३ पण देऊ शकतो, ४ पण आणि ५ पण, कारण त्या दोन शब्दांत कॅन्डिडेट काय बोलला याचा पत्ताच नाहीये. माझ्या मते चांगल्या स्कोअरकार्डची खरी कसोटी हीच. आकडा झाकून कॉमेंट वाचली तर तिसऱ्या माणसाने तोच आकडा द्यायला हवा, फारतर एकाने इकडेतिकडे. तसं होत नसेल तर पॅनेलिस्टने आकडा आधी मनात ठरवला आणि कॉमेंट नंतर नुसती चिकटवली असं समजा.

जुनी कार्डं समोर असतानाच अजून एक गोष्ट बघून घ्या. एखाद्या पॅनेलिस्टच्या कार्डावर पाचही रकान्यांत ४-४-४-४-४ आहे आणि दुसऱ्या कॅन्डिडेटला २-२-२-३-२, असं सारखं दिसतं का? दिसत असेल तर तो माणूस पाच गोष्टी मोजतच नाहीये, एकच गोष्ट मोजतोय, ‘मला हा आवडला का’, आणि तीच पाच वेळा लिहितोय. हे फार जुनं निरीक्षण आहे, एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवलं होतं की अधिकारी हाताखालच्या लोकांना वेगवेगळ्या गुणांसाठी मार्क देतात तेव्हा ते मार्क एकमेकांशी नको इतके जुळतात, आणि त्याने त्याला हेलो असं नाव दिलं. खऱ्या माणसात बोलणं छान पण कामाचा पाठपुरावा कच्चा, असं मिश्रण असतंच. कार्डावर ते मिश्रण कधीच उमटत नसेल तर कार्ड काम करत नाहीये.

आता एक केस पूर्ण उलगडून सांगतो, म्हणजे बदल कुठे करायचा ते आपोआप दिसेल.

ग्राहक सेवा टीमसाठी लीड हवा होता. चार जणांचं पॅनेल, पहिल्या राउंडला दोघं, दुसऱ्याला एक सीनियर लीड आणि हायरिंग मॅनेजर. कार्ड साधारण तुमच्यासारखंच, त्यात ‘ओनरशिप’ असा एक रकाना. कॅन्डिडेट बोलायला अतिशय छान, आणि तिने ओनरशिपच्या प्रश्नाला दोन्ही राउंडमध्ये एकच किस्सा सांगितला. एका मोठ्या ग्राहकाच्या जुन्या तक्रारींचा डेटा शुक्रवारपर्यंत नव्या सिस्टिमवर न्यायचा होता. त्यात फोन नंबर जुळत नसलेले बरेच रेकॉर्ड निघाले. ती आणि टीममधले दोघं रात्री उशिरापर्यंत बसले आणि शनिवारी दुपारी काम संपवलं. ग्राहक चिडला होता, तिने शांतपणे बोलून त्याला समजावलं, आणि तो ग्राहक नंतरही टिकला.

मार्क असे आले. पहिल्या राउंडच्या एकाने ४ दिले, कॉमेंट ‘एक्सलंट ओनरशिप, खूप कॉन्फिडंट’. दुसऱ्याने ३, ‘चांगलं हँडल केलं’. दुसऱ्या राउंडमध्ये सीनियर लीडने २ दिले, ‘प्रोअॅक्टिव्ह वाटत नाही’. आणि हायरिंग मॅनेजरने ४, ‘असाच माणूस मला टीममध्ये हवाय’.

वरवर बघितलं तर वाटेल की चार लोक, चार मतं, होणारच. पण चौघांना समोर बसवून ‘तुम्ही नेमकं काय ऐकलंत’ असं एकेकाला विचारलं तेव्हा दोन अगदी वेगळी कारणं निघाली. सीनियर लीडने मध्येच एक साधा प्रश्न विचारला होता, रेकॉर्ड जुळत नाहीत हे तुम्हाला कधी कळलं आणि ग्राहकाला कधी सांगितलंत? तिचं उत्तर होतं, ‘कळलं बुधवारी, पण वाटलं होईल वेळेत, म्हणून सांगितलं नाही, शुक्रवारी संध्याकाळी त्यांचाच फोन आला.’ पहिल्या राउंडच्या दोघांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता. त्यामुळे त्यांचे ४ आणि ३ हे अर्धवट पुराव्यावरचे मार्क होते, त्यांनी मधला भाग मनानेच चांगला धरून घेतला. मॅनेजरची गोष्ट वेगळी. तो सीनियर लीडच्या शेजारीच बसला होता, तेच उत्तर त्यानेही ऐकलं होतं, तरी ४. कारण त्याच्या डोक्यात ओनरशिप म्हणजे रात्र रात्र बसून काम तडीस नेणं, आणि सीनियर लीडच्या डोक्यात ओनरशिप म्हणजे अडचण दिसली की ती वेळेत सगळ्यांच्या कानावर घालणं. दोघंही प्रामाणिक होते, फक्त मोजपट्ट्या दोन होत्या.

म्हणून मार्कांत फरक दिसला की पहिला प्रश्न हा, की पुरावा वेगळा होता का मोजपट्टी वेगळी होती? पुरावा वेगळा असेल तर प्रश्नांमध्ये दुरुस्ती करायची. मोजपट्टी वेगळी असेल तर पातळ्यांच्या वर्णनात. आणि दोन्ही सारखं असूनही फरक पडत असेल तर ती नुसती छाप आहे, तिथे मार्क कधी आणि कोणत्या क्रमाने द्यायचे ते बदलावं लागतं. तुमच्याकडे चर्चा गोल गोल फिरते त्याचं कारण बहुतेक हेच असणार, ही तिन्ही भांडणं एकाच वेळी चाललेली असतात आणि कोणालाच कळत नाही की आपण कुठलं भांडतोय.

मोजपट्टीपासून सुरू करू. ‘ओनरशिप’ हा शब्द रकान्यातून काढा आणि त्या जागी एक वाक्य लिहा जे डोळ्यांनी बघता येईल, कानांनी ऐकता येईल. वरच्या केसमध्ये आम्ही लिहिलं, ‘दिलेली मुदत पाळता येणार नाही हे दिसल्यावर काय करतो’. आणि त्याखाली चार पातळ्या.

१ म्हणजे मुदत टळून गेल्यावर किंवा ग्राहकाने विचारल्यावरच हालचाल केली, खापर दुसऱ्यावर फोडलं, स्वतः काय केलं ते सांगता येत नाही.

२ म्हणजे स्वतः पुढे होऊन काम उरकलं, पण ज्याला शब्द दिला होता त्याला आधी कळवलं नाही, किंवा कळवलं पण नवीन तारीख दिली नाही.

३ म्हणजे मुदतीच्या आधी स्वतःहून कळवलं, विचार करून नवीन तारीख दिली आणि ती पाळली.

४ म्हणजे ३ मधलं सगळं, शिवाय तसं परत होऊ नये म्हणून कामाच्या पद्धतीत बदल केला आणि तो बदल टिकला का नाही हे ठोस सांगू शकतो.

यात ‘उत्तम’, ‘समाधानकारक’, ‘सरासरीपेक्षा बरा’ असे शब्द कुठेच नाहीत हे लक्षात घ्या. असे शब्द आले की मोजपट्टी परत प्रत्येकाच्या डोक्यात जाते. प्रत्येक पातळीवर वागणुकीचंच वर्णन हवं. ही पद्धत नवीन नाहीये, पॅट्रिशिया केन स्मिथ आणि लॉर्न केंडॉल या मानसशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये ती मांडली आणि त्यांच्या पद्धतीतली एक पायरी मला आजही सगळ्यात उपयोगी वाटते. आधी त्या कामाची ज्यांना नीट माहिती आहे अशा लोकांकडून खरे प्रसंग गोळा करायचे, चांगल्या लीडने अशा वेळी काय केलं होतं, कच्च्या लीडने काय केलं होतं. त्याची छोटी छोटी वाक्यं करायची. मग ती वाक्यं पिसून, पातळी न सांगता, दुसऱ्या लोकांना द्यायची आणि म्हणायचं, लावा बरं हे कुठल्या पातळीवर बसतं. ज्या वाक्यावर सगळे एकमताने एकाच जागी बोट ठेवतात ते कार्डावर ठेवायचं, ज्यावर दोन गट पडतात ते टाकून द्यायचं. आमच्या वेळी ‘उशिरापर्यंत थांबून काम पूर्ण केलं’ या वाक्यावर असेच दोन गट पडले, निम्म्यांनी ते ४ वर लावलं आणि निम्म्यांनी २ वर. मॅनेजर आणि सीनियर लीडमधला वाद कोणाही कॅन्डिडेटचं नाव न घेता समोर आला, आणि तो तिथे मिटवणं फार सोपं असतं कारण कोणाचीच बाजू घ्यायची नसते. लीडच्या कामात ग्राहकाला वेळेत कळवणं जास्त मोलाचं, हे मॅनेजरनेच मग ठरवलं.

पातळ्या पाचच्या ऐवजी चार का, असं तुम्ही विचाराल. पाचमध्ये ३ ही फार आरामाची जागा होते. ज्याला काही ठरवायचं नसतं किंवा ज्याने पुरेसं विचारलंच नाही तो ३ देऊन मोकळा होतो, आणि मग ३ चा अर्थ ‘ठीकठाक’ आहे का ‘मला माहीत नाही’ हे नंतर कोणालाच कळत नाही. पण चार पातळ्या ठेवल्या तर त्यासोबत एक पाचवा पर्याय द्यावाच लागतो, ‘पुरावा मिळाला नाही’. हा रकाना मला सगळ्या कार्डात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वेळ संपला, कॅन्डिडेट विषय सोडून बोलला, प्रश्न विचारायचा राहिला, जे काय असेल ते, पॅनेलिस्टने तिथे खूण करायची आणि आकडा द्यायचाच नाही. पहिल्या राउंडच्या त्या दोघांकडे हा पर्याय असता आणि तो वापरणं कमीपणाचं नाही हे त्यांना माहीत असतं, तर तिथे ४ आणि ३ आलेच नसते. आणि रिकामा राहिलेला मुद्दा पुढच्या राउंडवाल्याला कळवता येतो की बाबा हे तेवढं बघ. कळवताना फक्त मुद्दा सांगायचा, स्वतःचं मत नाही.

आता प्रश्न. मुख्य प्रश्न सगळ्या कॅन्डिडेटना त्याच शब्दांत, आणि त्याखाली खोदून विचारायचे दोन-तीन उपप्रश्न कार्डावरच छापलेले हवेत. इथे बरेच लोक मुख्य प्रश्न ठरवून थांबतात आणि उपप्रश्न पॅनेलिस्टच्या हुशारीवर सोडतात. वरच्या केसमध्ये सगळा फरक एका उपप्रश्नानेच पडला होता. आम्ही मग असं लिहिलं. मुख्य प्रश्न, ‘एखादी अशी वेळ सांगा जेव्हा ग्राहकाला दिलेली मुदत तुमच्या टीमकडून पाळली जाणार नव्हती, तेव्हा तुम्ही काय केलंत?’ उपप्रश्न, ‘तुम्हाला कधी कळलं?’, ‘कोणाला, कधी आणि काय सांगितलंत?’, ‘त्यानंतर कामाच्या पद्धतीत काही बदललं का?’ बघा, हे उपप्रश्न पातळ्यांवरूनच आलेत. २ आणि ३ मधला फरक ‘कधी कळवलं’ यावर आहे ना, मग ते विचारलंच पाहिजे, नाहीतर ती पातळी ठरणार कशी. पातळ्या लिहून झाल्या की प्रत्येक दोन पातळ्यांच्या मध्ये बोट ठेवून विचारा, हा फरक ओळखायला कुठली माहिती लागते, आणि तोच उपप्रश्न. ज्याला असा अनुभवच नाही अशा नवख्या कॅन्डिडेटला ‘तुम्ही असता तर काय केलं असतं’ या रूपात विचारा, चालतं, पण कोणाला कुठलं रूप विचारायचं ते आधी ठरवून ठेवा आणि एकाच पोझिशनसाठी दोन्ही रूपं मिसळू नका, कारण केलेलं सांगणं आणि केलं असतं म्हणणं यांची तुलना होत नाही.

मुद्दे कमी ठेवा, चार किंवा पाच, त्यापेक्षा जास्त नकोत. आणि प्रत्येक पॅनेलिस्टला पाचही मुद्दे देऊ नका, प्रत्येकाला दोन किंवा तीन द्या, अशा बेताने की प्रत्येक मुद्दा निदान दोन जणांकडून तपासला जाईल. एका माणसाने पाऊण तासात पाच मुद्दे बघायचे म्हटलं की तो प्रत्येकाला वरवर शिवतो आणि राहिलेलं अंदाजाने भरतो.

मग कॉमेंट. पॅनेलिस्टला ‘डिटेलमध्ये लिहा’ एवढं सांगून काहीच होत नाही, लांबलचक कॉमेंटमध्येसुद्धा नुसती विशेषणं असू शकतात. त्याला तीन गोष्टी मागा. कॅन्डिडेटने काय केलं किंवा म्हटलं, शक्य तिथे त्याच्याच शब्दांत. खोदून विचारल्यावर काय निघालं. आणि हाच आकडा का, वरचा का नाही आणि खालचा का नाही. तिसऱ्या भागामुळेच पॅनेलिस्टला पातळ्यांचं वर्णन परत उघडून वाचावं लागतं, तो भाग वगळला की लोक कार्ड न बघताच आकडा टाकतात. त्या कॅन्डिडेटची नवीन पद्धतीने लिहिलेली कॉमेंट अशी झाली:

‘शुक्रवारच्या मुदतीचं डेटा हलवण्याचं काम. रेकॉर्ड जुळत नाहीत हे बुधवारी कळलं. स्वतः आणि दोन सहकारी गुरुवारी, शुक्रवारी रात्री बसले, शनिवारी दुपारी संपलं. ग्राहकाला कधी सांगितलं विचारल्यावर: “वाटलं होईल वेळेत, म्हणून सांगितलं नाही, शुक्रवारी संध्याकाळी त्यांचाच फोन आला.” नंतर काही बदललं का: “नाही, तशी वेळ परत आली नाही.” मार्क २. ३ नाही कारण मुदतीआधी कळवलं नाही आणि नवीन तारीखही दिली नाही. १ नाही कारण काम स्वतः पुढे होऊन पूर्ण केलं आणि खापर कोणावर फोडलं नाही.’

लिहायला दोन-चार मिनिटं लागतात, आणि आकडा झाकला तरी वाचणारा २ च देणार. चिडलेल्या ग्राहकाला तिने कसं समजावलं ते यात का नाही, असं वाटेल. ते मुद्दामच घेतलेलं नाही. तो वेगळ्या मुद्द्याचा पुरावा आहे, ‘चिडलेल्या माणसाशी बोलणं’ या रकान्यात तो गेला आणि तिथे तिला ४ मिळाले. पुरावा ज्या रकान्याचा त्याच रकान्यात गेला की हेलो बराचसा आपोआप कमी होतो.

काही शब्द कॉमेंटमध्ये आले की एचआरने ते कार्ड परत पाठवावं असं मी स्पष्ट सांगेन. ‘वाटलं’, ‘शार्प’, ‘एनर्जी कमी’, ‘अॅटिट्यूड’, ‘कल्चर फिट’, ‘कॉन्फिडंट’. परत पाठवताना ओरडायचं नाही, फक्त एवढंच विचारायचं, ‘असं वाटायला त्याने काय केलं किंवा काय म्हटलं?’ कधीकधी याचं उत्तम उत्तर मिळतं. ‘कल्चर फिट नाही’च्या मागे ‘जुन्या सहकाऱ्यांच्या चुका सांगताना दोनदा त्यांची नावं घेऊन टिंगल केली’ असं काहीतरी निघतं, आणि तो खरा पुरावा आहे, तोच लिहायचा. कधी मात्र काहीच निघत नाही, किंवा बोलण्याचा ढंग, वय, कपडे, घरची परिस्थिती असलं काहीतरी निघतं ज्याचा कामाशी संबंध नाही, मग ती कॉमेंट आणि त्यावरचा आकडा दोन्ही काढून टाकायचे. यात कायद्याचाही भाग आहे. युरोपियन युनियनमध्ये कॅन्डिडेट स्वतःबद्दलच्या नोंदी मागू शकतो, आणि परीक्षकाने उत्तरपत्रिकेवर लिहिलेले शेरे हासुद्धा परीक्षार्थीचा वैयक्तिक डेटा आहे असं तिथल्या न्यायालयाने नोवाक केसमध्ये २०१७ साली सांगितलंय. तुमच्या देशात नियम काहीही असोत, पॅनेलिस्टला एवढं सांगून ठेवा की ही कॉमेंट उद्या कॅन्डिडेटने समोर बसून वाचली तरी तुम्हाला ती समजावून सांगता आली पाहिजे.

आता मॅनेजर म्हणेल तेच ठरतं, हा तुमचा शेवटचा मुद्दा. यावर मॅनेजरला समजावण्यापेक्षा क्रम बदलणं जास्त कामाला येतं. इंटरव्ह्यू चालू असताना नुसत्या नोंदी, आकडा नाही. संपल्यावर त्याच दिवशी, शक्यतो पुढची मीटिंग सुरू व्हायच्या आधी, कार्ड भरून सबमिट. आणि स्वतःचं कार्ड सबमिट केल्याशिवाय दुसऱ्याचं दिसता कामा नये. भरतीची बरीच सॉफ्टवेअर ही सोय देतात, नसेल तर कार्डं थेट एचआरकडे पाठवायची, ग्रुपवर नाही. दोन राउंडच्या मधल्या वेळेत ‘कसा वाटला रे’ हे विचारणं पूर्ण बंद. हे एवढंसं वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, कारण त्यानंतर दुसरा माणूस इंटरव्ह्यू घेत नाही, पहिल्याचं मत खरं आहे का ते बघत बसतो.

चर्चेच्या मीटिंगमध्ये एचआरने कार्डं आधी वाचून ठेवायची आणि ‘घ्यायचं का नाही’ने सुरुवात करायची नाही. एकेक मुद्दा घ्यायचा. ज्या मुद्द्यावर आकडे सारखे किंवा एकाच्या फरकाचे आहेत तिथे थांबायचं नाही, मात्र एक नापासात आणि एक पासात पडत असेल तर थांबायचं. जिथे दोन किंवा जास्तीचा फरक आहे तिथे दोघांनी आपापला पुरावा वाचून दाखवायचा, पदाने लहान असलेल्याने आधी, मॅनेजरने सगळ्यात शेवटी. आकडा बदलायला परवानगी आहे, पण समोरच्याकडून नवीन पुरावा कळला किंवा पातळीचं वर्णन चुकीचं वाचलं होतं असं लक्षात आलं तरच, आणि जुना आकडा तसाच ठेवून शेजारी नवा आकडा आणि कारण लिहायचं. कारण लिहायला लागलं की ‘बरं, तुम्ही म्हणताय तर ३ करतो’ हे बरंच कमी होतं. नुसते बदललेले आकडे सहा महिन्यांनी काढून बघितले आणि सगळेच्या सगळे मॅनेजरच्या आकड्याकडे सरकलेत असं दिसलं, तर तुमच्याकडे चार जणांचं पॅनेल नाही, एकाच माणसाचं आहे हे कागदावर दाखवता येतं.

एकूण मताचा रकाना कार्डाच्या तळाशी ठेवा, तो सगळ्यात शेवटी भरायचा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान तरुणपणी इस्रायली सैन्यात होते तेव्हा त्यांनी नव्या सैनिकांच्या मुलाखतीसाठी अशीच पद्धत बसवली होती, सहा गुण वेगवेगळे, एक संपल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही, प्रत्येकाला लगेच मार्क. मुलाखती घेणारे नाराज झाले की आमच्या अंदाजाला काही किंमतच नाही का, म्हणून त्यांना सांगितलं की सहाही गुण भरून झाले की मग डोळे मिटा, हा माणूस सैनिक म्हणून कसा असेल त्याची कल्पना करा आणि एक मार्क द्या. नंतर तपासल्यावर तो शेवटचा अंदाजही उपयोगी निघाला. पॅनेलमधल्या अनुभवी लोकांना मी हे नेहमी सांगतो, तुमच्या अंदाजाला जागा आहे, फक्त ती पुराव्याच्या नंतर आहे.

आणि सगळ्या मुद्द्यांची बेरीज किंवा सरासरी काढून निर्णय घेऊ नका. सरासरीत चिडलेल्या ग्राहकाशी बोलण्याचे ४ हे मुदतीच्या २ ला झाकून टाकतात. कुठले मुद्दे अत्यावश्यक आणि त्यांत किमान किती हवेत हे पोझिशन उघडतानाच लिहून ठेवा, कॅन्डिडेट भेटायच्या आधी. त्या केसमध्ये मुदतीचा मुद्दा अत्यावश्यक आणि किमान ३ असं नव्या कार्डात ठरलं होतं, आणि ते आधीच्या इंटरव्ह्यूनंतर ठरलं असल्याने तिच्यावर अन्याय नको म्हणून त्या एका मुद्द्यावर अजून एक संधी द्यायची असं ठरवलं. तसंही अत्यावश्यक मुद्दा एकाच किस्स्यावर निकालात काढू नये, एखाद्याचा एक प्रसंग वाईट असू शकतो. दोन पॅनेलिस्टनी वेगळा प्रसंग विचारला. तिने शिफ्टला माणसं कमी पडल्याचा प्रसंग सांगितला, तिथे ग्राहकाला एक दिवस आधी कळवलं होतं, पण उपप्रश्नांत निघालं की ते तिच्या सीनियरने सांगितल्यावर कळवलं, आणि नवीन वेळही त्यानेच ठरवली. दोघांनी वेगवेगळं बसून २ दिले, कॉमेंट जवळपास सारख्या. लीडसाठी नाही, असं ठरलं, आणि पहिल्यांदाच त्या मीटिंगमध्ये वाद झाला नाही. चिडलेल्या ग्राहकाशी बोलण्यातले ४ मात्र पुराव्यासकट कार्डावर होते, त्यामुळे मॅनेजरनेच टीममधल्या दुसऱ्या एका सीनियर जागेसाठी तिचा विचार करायला सांगितलं.

हे सगळं केल्यावरही काही पॅनेलिस्ट कडक राहतात आणि काही सढळ हाताचे. त्यांचे आकडे गणिताने वरखाली करायला जाऊ नका, एका माणसाने घेतलेले इंटरव्ह्यू इतके थोडे असतात की तो खरंच कडक आहे का त्याच्या वाट्याला कच्चे कॅन्डिडेट आले हे सांगता येत नाही. त्यापेक्षा नवीन पोझिशन सुरू करताना जुन्या दोन-तीन उत्तरांचे कागद, नाव-गाव काढून, सगळ्या पॅनेलला द्या, प्रत्येकाने एकट्याने मार्क द्यायचे आणि मग एकत्र बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. सगळ्यांनाच एकसारखं उत्तर मिळालेलं असतं, त्यामुळे इथे फरक पडला तर तो मोजपट्टीचाच, आणि बहुतेक वेळा पातळ्यांच्या वर्णनातलं एखादं ढिलं वाक्य सापडतं, ते तिथल्या तिथे दुरुस्त करून टाकायचं.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगतो. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या वेगवेगळ्या पद्धतींवरचं जुनं संशोधन परत तपासलं, त्यात आखीव, म्हणजे ठरलेल्या प्रश्नांनी आणि ठरलेल्या मोजपट्टीने घेतलेल्या, मुलाखतीचा नंतरच्या कामगिरीशी संबंध सरासरी ०.४२ निघाला आणि विनाआखणीच्या मुलाखतीचा ०.१९. १ म्हणजे अचूक भाकीत, हे धरलं तर आखीव मुलाखत त्यांच्या यादीत सगळ्यात वर असूनही अचूकतेपासून लांबच आहे. शिवाय पाठ करून आलेला किस्सा उपप्रश्नांत बराचसा उघडा पडतो पण दरवेळी पडतोच असं नाही, आणि जे काम हातात देऊन बघता येतं ते मुलाखतीत विचारण्यापेक्षा करून घेतलेलं बरं. त्या लीडच्या जागेसाठी नंतर आम्ही ग्राहकाला उशीर कळवणारा ईमेल वीस मिनिटांत लिहायला देऊ लागलो, त्यालाही त्याच चार पातळ्या लावल्या, आणि दोन पॅनेलिस्टनी तो नाव झाकून तपासायचा असं ठेवलं.